‘ओके’ कुणी लिहिलं?

रविवारी सकाळी साडेआठला विशाखाचा फोन वाजला तेव्हा ती पुंडलिकनगरच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. पलीकडून बिडकीनच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली रूपा बोलत होती, रिसेप्शनवर बसणारी.

“ताई, इथं लोक जमलेत. पंचवीस-तीस तरी असतील, अजून येऊ लागलेत. शिबिर आहे म्हणतात. मॅडम तर फोनवर म्हणल्या शिबिर पुढच्या रविवारी आहे. मी काय सांगू यांना?”

विशाखाच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. “शिबिर आजच आहे ना. नऊ तारीख.”

“सोळा केलीय म्हणे मॅडमनी. परवाच. मला तर कुणी सांगितलंच नाय. काल दोन-तीन फोन आले, मी ‘या’ म्हणूनच सांगितलं.”

विशाखानं आधी मोबाईलवरून दवाखान्याच्या पेजवरची शिबिराची पोस्ट काढून टाकली. मग आदल्या दिवशीची आठवण करून देणारी पोस्ट काढली. काढताना तिनं बघितलं, पहिली पोस्ट एकशे चाळीस जणांनी शेअर केली होती. त्यातलं चित्र उचलून गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती जणांनी पाठवलं असेल त्याला तर हिशेबच नव्हता. पेजवरची पोस्ट एका बोटानं निघते. लोकांच्या मोबाईलमधलं चित्र कोण काढणार? तिनं टॉवेल कठड्यावर टाकला, आईला “बिडकीनला जाऊन येते” एवढंच सांगितलं आणि स्कूटी काढली.

विशाखा सर्जेराव खरात. वय छत्तीस. मराठीत एम. ए. करून तीन वर्षं एका शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवलं, मग कंटाळून राजकुमारच्या एजन्सीत आली, त्यालाही आता सहा वर्षं झाली. राजकुमारचं आधी फ्लेक्स छापायचं दुकान होतं. फ्लेक्सचा धंदा बसत चालला तसं त्यानं दुकानदारांची फेसबुक-इन्स्टाची पेजेस चालवायला घेतली. आता अकरा क्लायंट होते. एक फर्निचरवाला, एक पेंटचं दुकान, एक बेकरी, दोन क्लासेस, एक जिम, एक डब्याची मेस, असेच सगळे लहान. प्रत्येकाच्या महिन्याला आठ-दहा पोस्टी. डिझाईन करायला मंजुषा नावाची मुलगी होती. मजकूर, वेळापत्रक आणि क्लायंटशी बोलणं हे सगळं विशाखाकडं.

अकरा दुकानं एका डोक्यात ठेवायची म्हणजे खेळ नव्हता. जिमची ऑफर बेकरीच्या पेजवर गेली तर लोक हसतात आणि क्लायंट जातो. म्हणून तिनं स्वतः एक शीट बांधली होती. दर महिन्याच्या वीस तारखेला पुढच्या महिन्याचे विषय ठरायचे. पंचवीसपर्यंत तिचा मजकूर तयार, अखेरीपर्यंत मंजुषाचं डिझाईन. ऐन वेळी येणारं काही असलं तर ते त्याच आठवड्यात. प्रत्येक पोस्टीला एक ओळ. तारीख, वेळ, मजकूर, चित्राची लिंक आणि शेवटी मंजुरीचा रकाना. क्लायंटनं बघून हो म्हटलं की त्या रकान्यात ‘ओके’ यायचं, आणि ‘ओके’ आलं की मगच विशाखा ती पोस्ट वेळ लावून ठेवायची. बरेच क्लायंट शीट उघडतच नसत, ते व्हॉट्सॲपवर कळवत. मग तिनं किंवा राजकुमारनं त्यांच्या वतीनं ‘ओके’ लिहायचं अशी रीत पडली होती. तिथंच भोक होतं, पण सहा वर्षं त्यातून काही गळलं नव्हतं.

हा शिस्तीचा कीडा तिला वडिलांकडून आला होता. सर्जेराव गावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासत. प्रूफावर सही झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, मग मालक डोक्यावर येऊन उभा राहो नाहीतर लग्नाची तारीख उद्यावर येवो. एकदा मालकानं पत्रिका तशीच छापायला लावली आणि नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ पडलं. आजोबा जिवंत होते, मांडवात बसलेले होते. तेव्हापासून मालक सर्जेरावांपुढं बोलत नसे.

आणि त्या रकान्यापायी विशाखानं काय काय गिळलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. गेल्या एप्रिलमध्ये एका क्लासवाल्यानं निरोप दिला होता. बाकी सगळ्या सणांच्या शुभेच्छा टाका, चौदा एप्रिलची तेवढी राहू द्या. राजकुमार म्हणाला, “क्लायंटचं पेज आहे, आपण काय बोलणार?” विशाखानं त्या ओळीसमोर ‘नाकारलं’ लिहिलं आणि ती ओळ पुसली नाही. ती अजून शीटमध्ये होती.

बिडकीनला पोचली तेव्हा दवाखान्यापुढं चाळीसेक माणसं होती. म्हातारीच जास्त. कुणाच्या डोळ्यावर काळा चष्मा, कुणाच्या हातात जुन्या तपासणीची फाईल. अर्ध्या जणांना दिसत नव्हतं म्हणून प्रत्येकाबरोबर एक माणूस आलेला, म्हणजे एकेका डोळ्यामागं दोघांचा रोज बुडाला होता. रूपानं शटर उघडून सगळ्यांना बाकांवर बसवायचा प्रयत्न केला होता, बाक पुरले नव्हते.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. शेजारी पन्नाशीचा माणूस उभा. विशाखानं विचारलं, कुठून आलात?

“सोयगावहून,” तो माणूस म्हणाला. त्याचं नाव सांडू, म्हातारीचा जावई. “पाचला निघालो घरून. गाडी बदलत आलो. आमच्या ग्रुपवर आलतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट. हे बघा.”

त्यानं मोबाईल पुढं केला. मंजुषाचं डिझाईन, विशाखाचा मजकूर. ‘नोंदणीची गरज नाही, थेट या.’ ते वाक्य तिनं स्वतः दोनदा वाचून ठेवलं होतं, लोकांना सोपं जावं म्हणून.

“कोण हाय रं?” म्हातारीनं मान वर केली. तिचं नाव साळूबाई. दोन्ही डोळ्यांत राखेसारखा रंग होता. “डाक्टरीण आली का?”

“मी डॉक्टर नाही, आजी. हे मी टाकलं होतं. मोबाईलवर.”

“तूच टाकलं व्हय?” साळूबाईनं आवाजाच्या दिशेनं बघितलं. “मग तुला तरी ठाव असंल. कवा हाय ते?”

शिव्या दिल्या असत्या तर विशाखाला बरं वाटलं असतं. ही बाई नुसती तारीख विचारत होती.

तासाभरात डॉ. मंगला ढाकणे शहरातून आल्या. पन्नाशीच्या, कडक बोलणाऱ्या. गाडीतून उतरतानाच त्यांचा आवाज चढलेला होता.

“शुक्रवारी दुपारी मी राजकुमारला मेसेज केला. ऑपरेशन करणारे सर येऊ शकत नाहीत, तारीख सोळा करा, मग टाका. त्यानं अंगठा पाठवला! आणि तुम्ही नऊची टाकून मोकळ्या?”

“मॅडम, पोस्ट शुक्रवारी सकाळी दहाला गेली. तुमचा मेसेज दुपारचा. आणि त्याच्या आधी, गुरुवारीच तुमची मंजुरी आली होती.”

“कुणाची मंजुरी?”

“तुमची. शीटमध्ये ‘ओके’ आहे.”

“मी तुमची ती शीट एकदाही उघडलेली नाही. मंगळवारी तुम्ही डिझाईन पाठवलं, मी शुक्रवारपर्यंत उत्तरच दिलं नव्हतं. मला वाटलं, मी हो म्हटल्याशिवाय तुम्ही टाकणार नाही. असंच ठरलं होतं ना?”

असंच ठरलं होतं. डॉक्टरांनी तिथंच राजकुमारला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. राजकुमार जालन्यात पुतण्याच्या साखरपुड्याला होता, मागं बँडचा आवाज येत होता.

“सॉरी मॅडम, एकदम सॉरी,” राजकुमार म्हणाला. “आमच्या मुलीकडून मिस्टेक झाली. मी बोलतो तिच्याशी. पुन्हा नाय होणार, मेरी गॅरंटी.”

विशाखा तीन फुटांवर उभी होती. ‘मुलगी.’ छत्तीस वर्षांची, ज्या शीटवर त्याचा धंदा उभा होता ती बांधणारी. पायरीवर म्हातारी माणसं बसली होती आणि त्यांच्यापुढं आपलं भांडण काढायची तिला लाज वाटत होती.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी कोट घातला आणि आलेल्या प्रत्येकाची तपासणी केली. ज्यांना ऑपरेशन लागेल त्यांची नावं सोळा तारखेसाठी लिहायला सांगितली. विशाखानं रूपाबरोबर बसून नावं, गावं, फोन नंबर लिहिले. दुपारपर्यंत माणसं येतच राहिली, सत्तेचाळीस नावं झाली. सहा जण मात्र तपासणी न करताच परतीची गाडी चुकेल म्हणून निघून गेले होते. त्यांची नावंही कुणाकडं नव्हती.

सोमवारी विशाखा नऊलाच ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे फ्लेक्सच्या जुन्या दुकानाच्या वरची खोली. कुणी आलेलं नव्हतं. तिनं शीट उघडली, दवाखान्याची ओळ शोधली आणि ‘ओके’च्या चौकटीचा बदलाचा इतिहास काढला. तो कुणालाही काढता येतो, फक्त आजवर कुणी काढला नव्हता. गुरुवार, सहा नोव्हेंबर, संध्याकाळी सहा बारा. बदल करणारा, राजकुमार.

तिला धक्का बसला नाही. तिला हे रविवारी पायरीवरच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि नावासकट समोर दिसणं वेगळं.

मग ती थांबली नाही. येत्या पंधरा दिवसांसाठी अकरा पेजेसवर मिळून एकतीस पोस्टी वेळ लावून ठेवलेल्या होत्या. एकेका ओळीचा इतिहास तिनं काढला, आणि प्रत्येक ‘ओके’समोर क्लायंटचा मेसेज सापडतो का ते व्हॉट्सॲपमध्ये शोधलं. बावीस ओळींना मेसेज होता. नऊ ओळींना नव्हता. नऊही ‘ओके’ गुरुवारी संध्याकाळी, दहा मिनिटांच्या आत, एकाच हातानं लिहिलेले. त्यातली एक फर्निचरवाल्याची होती, तीत सोफ्याची किंमत जुनी होती. एक मेसची होती, मेसवाली बाई त्या आठवड्यात मेस बंद ठेवणार होती आणि तिनं तसं विशाखाला सांगितलंही होतं.

अकराही पेजेस एका बटणावर थांबत नाहीत. एकेका पेजवर जायचं, एकेक पोस्ट उघडायची, वेळेच्या रांगेतून काढून मसुद्यात टाकायची. फक्त नऊ काढल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं एकतीसच्या एकतीस काढल्या. आता तिला कुठल्याच ‘ओके’वर विश्वास नव्हता, स्वतःच्या सुद्धा.

राजकुमार अकराला आला. गळ्यात कालचं साखरपुड्याचं उपरणं नव्हतं एवढाच फरक, चेहऱ्यावरची झोप तीच.

“विशाखा, जिमची दहाची पोस्ट गेली नाय. क्लायंटचा फोन आला.”

“नाही गेली. सगळ्या काढल्यात.”

“सगळ्या म्हणजे?”

“अकराच्या अकरा पेजेसच्या.” तिनं लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. “हे बघा. गुरुवार, सहा बारा. तुमचं नाव आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं नव्हतं.”

राजकुमारनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. “अरे, त्या मॅडम कधी वेळेवर उत्तर देतात? पोस्ट गेली नाय तर पेज रिकामं. पेज रिकामं की म्हणतात, तुम्ही काय करता. दोन क्लायंट असेच गेले आपले. तुला काय, तू शीट भरती. तोंड मला द्यावं लागतं.”

“तोंड कुणी दिलं काल?” विशाखाचा आवाज चढला. मंजुषा नुकतीच येऊन दारात उभी राहिली होती, तिथंच थबकली. “मी दिलं. सत्तेचाळीस माणसांना. सोयगावहून एक आंधळी बाई पाचला निघून आली होती. तिनं मला विचारलं, तूच टाकलं का. मी हो म्हटलं! कारण मला वाटत होतं डॉक्टरांनी हो म्हटलंय. आणि तुम्ही बँड वाजत असताना फोनवर म्हणता, आमच्या मुलीकडून चूक झाली?”

“क्लायंटपुढं असं बोलावं लागतं. तू मनावर घेती लई.”

“मनावर नाही घेत. कागदावर घेते. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी तारीख बदला म्हटलं, तुम्ही अंगठा पाठवला. मला का नाही सांगितलं? तेव्हा सांगितलं असतं तर दोन दिवस हातात होते. पोस्ट काढून नवी तारीख टाकली असती, निम्मे लोक थांबले असते.”

“विसरलो. घरचं कार्य होतं.”

“मग अंगठा का पाठवला?”

राजकुमारनं आवाज वाढवला. “तू मला शिकवणार? ऑफिस कुणाचं आहे?”

“ऑफिस तुमचं. शीट माझी.” आणि तिनं त्याच्यासमोर फोन उचलून डॉक्टरांना लावला. “मॅडम, विशाखा खरात बोलतेय. काल तुम्ही विचारलं होतं, कुणाची मंजुरी. शीटमधलं ओके राजकुमार सरांनी लिहिलं होतं, गुरुवारी संध्याकाळी. मी ते तपासलं नाही, ती माझी चूक. लिहिणारी मी नव्हते. सर इथंच आहेत.”

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. राजकुमारनं फोन घेतला आणि खिडकीकडं तोंड करून पाच मिनिटं बोलला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. फोन परत देताना तो म्हणाला, “झालं तुझं समाधान?”

“नाही,” विशाखा म्हणाली.

तिनं त्याच दिवशी रीत बदलली. शीट तिच्या खात्यातून बांधलेली होती, म्हणून मंजुरीचा रकाना तिनं कुलूपबंद केला. आता तिथं तिच्याशिवाय कुणाला लिहिता येणार नव्हतं, राजकुमारला सुद्धा. ‘ओके’ हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी क्लायंटच्या मेसेजच्या स्क्रीनशॉटची लिंक, वेळेसकट. प्रत्येक क्लायंटकडून मंजुरी देणारं एकच माणूस, नाव आणि नंबर ठरलेला. फोनवर तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. मंजुरीनंतर एक शब्द बदलला तरी मंजुरी गेली, पुन्हा विचारायचं. पोस्टीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत निरोप आला नाही तर ती पोस्ट त्या दिवशी लागणार नाही. आणि पेज रिकामं दिसू नये म्हणून प्रत्येक क्लायंटच्या चार साध्या पोस्टी, ज्यांत तारीख नाही, किंमत नाही, ऑफर नाही, महिन्याच्या सुरुवातीलाच मंजूर करून बाजूला ठेवायच्या. निरोप नाही आला तर त्यातली एक जाईल. राजकुमारचं ‘पेज रिकामं दिसतं’ हे खोटं नव्हतं. ते तिला रागातही कळत होतं, म्हणूनच तिनं तो खड्डा आधी बुजवला.

हे सगळं तिनं अकरा जणांना फोन करून सांगितलं. फर्निचरवाले कारभारी शेठ म्हणाले, “एवढं ऑफिशियल? आम्ही काय बँक चालवतो का?” पेंटवाल्यानं सांगितलं, त्याला वेळ नाही, त्याच्या वतीनं तिनंच ठरवत जावं. ती म्हणाली, ते होणार नाही. महिना संपायच्या आत पेंटवाला दुसऱ्या एजन्सीकडं गेला. राजकुमार आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि तेही मंजुषामार्फत. तिनं दुसरीकडं नोकरी शोधायला सुरुवातही केली होती, दोन ठिकाणी भेटून आली. दोन्हीकडं तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, तुमच्याकडं मंजुरी कोण लिहितं? एका ठिकाणी मालक हसला. दुसऱ्या ठिकाणी मालकानं प्रश्नच समजून घेतला नाही. ती परत आली, कारण आपली कुलूपबंद शीट तिला कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

सोळा तारखेची पोस्ट तिनं डॉक्टरांचा लेखी मेसेज आल्यावरच लावली. मजकुरात पहिली ओळ होती ‘तारीख बदलली आहे’, आणि खाली दवाखान्याची माफी. राजकुमारला ती माफी नको होती, डॉक्टरांनीच ती ठेवायला सांगितली. शिवाय विशाखानं त्या सत्तेचाळीस जणांना शनिवारी एकेक फोन केला. एकोणचाळीस आले. सांडूनं फोनवर सांगितलं, “सासूबाई येत नाय म्हणती. एकदा गेलो ना, म्हणती. तुम्हीच समजावा.” विशाखानं पंधरा मिनिटं समजावलं. साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू चांगली हाय बाई, पर मोबाईलवरचं मी आता मानत नाय.” ती आली नाही.

जानेवारीत एका गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांनी डॉ. ढाकणेंचा मेसेज आला. शनिवारची पोस्ट बघितली, ठीक आहे, टाका. विशाखानं उत्तर दिलं, मॅडम, पाचची वेळ होती, शनिवारी साधी पोस्ट जाईल, ही मंगळवारी लावते. लगेच फोन आला. डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. दहा मिनिटांनी काय बिघडतं, पैसे देतो आम्ही, तुमची ही कसली दादागिरी.

विशाखानं ऐकून घेतलं. तिच्याही आत राग तापायला लागला होता, पण तिनं आवाज चढू दिला नाही.

“मंगळवारी सकाळी दहाला जाईल, मॅडम,” ती म्हणाली. “तोपर्यंत काही बदलायचं असलं तर लिहून पाठवा.”

पलीकडून फोन कट झाला. समोरच्या टेबलावर राजकुमार मान वर करून बघत होता. विशाखानं मेसेजचा स्क्रीनशॉट काढला, पाच दहाच्या वेळेसकट त्या ओळीसमोर लावला आणि पोस्टीची तारीख मंगळवार केली.